‘सख्खी का?’ असं न विचारता दुखवट्याच्या रजेचा नियम कसा लिहावा

रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया युनिटमध्ये मी मस्टर, पगार आणि रजा सांभाळतो. काही वर्षांपूर्वी कोळंबी सोलणाऱ्या विभागातली एक बाई भर शिफ्टमध्ये हातमोजे काढत ऑफिसात आली. म्हणाली, “साहेब, काकी गेली. निघते मी.” माझ्यासमोर कंपनीचा छापील नियम होता: आई, वडील, पती, पत्नी, मुले, 3 दिवस. मी सवयीने विचारलं, “सख्खी काकी का?” ती दारात थांबली. “काकी नाय ओ, आय होती ती माझी.” आईबाप मुंबईला, ही गुहागर तालुक्यातल्या गावी काकीकडे वाढलेली. नियमात काकी नव्हती. ती गेली ती गेलीच, आणि मी तिचे दहा दिवस खाडा म्हणून लावले. पगाराच्या दिवशी तिने काही न बोलता सही केली.

तो नियम नंतर मीच नव्याने लिहिला. छोटं हॉटेल, काजू कारखाना, आंब्याचं पॅकिंग, पतपेढी किंवा शाळा, अशा ठिकाणी ज्यांच्यावर हे काम येतं त्यांच्यासाठी ते कसं केलं ते सांगतो. कलमांची भाषा जशीच्या तशी उचलली तरी चालेल.

आधी कायदा किती आहे ते पाहा

फार नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मध्ये वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा आहे, पण दुखवट्याच्या रजेचं वेगळं कलम नाही. म्हणजे तुम्ही जे लिहाल तोच तुमच्या जागेवरचा नियम. त्यामुळे पहिलं वाक्य हे ठेवा: “दुखवट्याची रजा ही किरकोळ, अर्जित व आजारपणाच्या रजेव्यतिरिक्त आहे; ती त्या रजांतून वजा केली जाणार नाही.” हे वाक्य नसेल तर हिशेबनीस डिसेंबरात सीएलमधून दिवस कापतो, आणि त्यात त्याची चूकही नसते. युनिट कारखाना म्हणून नोंदलेलं असेल तर इतर रजांचे नियम वेगळे असतात, ते तुमच्या सल्लागाराकडून पाहून घ्या. हे वाक्य मात्र तसंच राहील.

सुतकाची यादी उचलू नका

नियम लिहायला बसलं की दोन चुकीच्या वाटा समोर येतात. एक म्हणजे मुंबईच्या एखाद्या कंपनीचा इंग्रजी मसुदा भाषांतर करून घेणे. त्यात ‘अंकल’ असतो. आपल्याकडे तो काका, मामा, मावशीचे यजमान की आत्याचे यजमान, हे कोण ठरवणार? ‘कझिन’ तर आपल्या बोलण्यात नाहीच. चुलतभाऊ गेला तरी माणूस “माझा भाऊ गेला” असंच म्हणतो, आणि मग खुर्चीवरच्या माणसाला तो ओंगळ प्रश्न विचारावा लागतो. मसुदा भाषांतरित असला की ‘सख्खा का?’ हा प्रश्न नियमातच दडलेला असतो.

दुसरी वाट अधिक मोहात पाडणारी: ज्याला जितके दिवस सुतक, त्याला तितके दिवस रजा. आमच्या मालकांनीही पहिल्यांदा हेच सुचवलं, आणि ऐकायला ते योग्य वाटतं. पण हिशेब मांडून बघा. भावकीतला, वर्षातून एकदा शिमग्याला भेटणारा सपिंड गेला तरी दहा दिवसांचं सुतक येतं. लग्न झालेल्या मुलीला स्वतःच्या आईचं सुतक रूढीने तीन दिवसांचं. मामाचं त्याहून कमी. सुतक ठरतं कुळावर. कोण कुणाच्या मांडीवर वाढलं, शेवटच्या आजारपणात औषधपाणी कुणी केलं, हे त्यात येत नाही. सुतकावर रजा बांधली तर आमच्या सोलाई विभागातल्या बायका, ज्यांतल्या बहुतेक लग्न होऊन आलेल्या, आईसाठी तीन दिवसांवर राहतील, आणि त्यांचे नवरे चुलत-चुलत आजोबांसाठी दहा दिवस घेतील.

शिवाय किनाऱ्यावर सगळे सुतक पाळत नाहीत. मुसलमान घरात दफन शक्यतो त्याच दिवशी होतं आणि पुढे चाळिसावा असतो. ख्रिस्ती घरात दफनानंतर सातव्या दिवसाची मिस्सा असते, मग महिन्याची. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. म्हणून नियमात कुठल्याही विधीचं नाव घालू नका. दिवस द्या, ते कशासाठी वापरायचे ते घरचे ठरवतील.

तीन गट आणि एक पूल

नात्यांची यादी लागतेच. यादीच नसली तर प्रत्येक वेळी मालकांच्या मर्जीवर येतं, आणि मर्जी सुपरवायझरला एक नि सफाई कामगाराला दुसरी असते. पण यादी एकटी पुरत नाही. आमच्या मसुद्यातली रचना अशी होती.

“पहिला गट, 7 कामाचे दिवस, पूर्ण पगारी: पती, पत्नी किंवा सोबत राहणारा जोडीदार, मुले, आई-वडील, सासू-सासरे, भाऊ-बहीण. यांत सावत्र व दत्तक नाती समाविष्ट आहेत.

दुसरा गट, 3 कामाचे दिवस, पूर्ण पगारी: दोन्हीकडचे आजी-आजोबा, नातवंडे, सून, जावई, दीर, नणंद, मेहुणे, मेहुणी, भावजय, काका, मामा, आत्या, मावशी व त्यांचे पती-पत्नी, चुलत, आते, मामे व मावस भावंडे, भाचे, पुतणे.

तिसरा गट, 1 दिवस, पूर्ण पगारी: वरील यादीत नसलेली, पण जिच्या अंत्यविधीस जाणे कर्मचाऱ्यास आवश्यक वाटते अशी कोणतीही व्यक्ती.”

यातले काही शब्द मुद्दाम तसे आहेत. सासू-सासरे पहिल्या गटात, आणि ते स्त्री-पुरुष दोघांनाही. घरात माणूस गेलं की येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी, रांधणं, सगळं सुनेच्या अंगावर पडतं. तिला तीन दिवस दिले तर चौथ्या दिवशी ती खोटं कारण सांगून घरी राहील, आणि ते खोटं बोलायला तुम्हीच तिला लावलेलं असेल. जावयालाही तेवढेच, कारण पुष्कळ ठिकाणी म्हाताऱ्या सासूला पाहणारा तो एकटाच असतो. ‘सोबत राहणारा जोडीदार’ यात लग्नाचा दाखला मागायचा नाही आणि ती स्त्री की पुरुष हेही विचारायचं नाही. घटस्फोट न घेता वेगळी राहणारी बायको पत्नीच धरायची.

आता पूल. सगळ्या नियमातलं माझ्या मते हे सर्वांत कामाचं कलम:

“ज्या व्यक्तीने कर्मचाऱ्यास लहानपणी सांभाळले, किंवा जिला कर्मचारी सांभाळत होता, किंवा जी निधनापूर्वी कर्मचाऱ्याच्या घरात राहत होती, ती व्यक्ती नात्याने कोणत्याही गटात असो वा नसो, पहिल्या गटात धरली जाईल. याबाबत कर्मचाऱ्याचे म्हणणे पुरेसे आहे.”

चाकरमानी घरांतून आईबाप मुंबईला आणि पोरं आजी, काकी, आत्याकडे गावाला, हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चाललं आहे. असं वाढलेल्या माणसाला आजीसाठी तीन दिवस देणं म्हणजे त्याच्या आईसाठी तीन दिवस देणं. शेवटच्या वाक्यावर मालक अडले. “कुणीही म्हणेल, मला आत्याने वाढवलं.” म्हणेलही. पण आत्या एकदाच जाते. प्रत्येक ऑफिसात ‘याची आजी चार वेळा वारली’ हा विनोद असतो, आणि त्यावर साधा उपाय म्हणजे रजेच्या वहीत गेलेल्या माणसाचं नाव आणि नातं लिहून घेणे. एवढ्यानेच तीच आजी दुसऱ्यांदा मरायची थांबते. दाखला मागावा लागत नाही.

दिवस मोजायचे कसे

नियम चांगला असूनही भांडणं होतात ती बहुधा मोजणीवर. बातमी शिफ्टमध्ये आली तर तो दिवस कोणाचा? साप्ताहिक सुट्टी मध्ये आली तर? आम्ही लिहिलं: “निधनाची बातमी कामावर असताना मिळाल्यास तो दिवस पूर्ण हजेरी धरला जाईल. साप्ताहिक व सणाची सुट्टी रजेत मोजली जाणार नाही. कर्मचारी अन्य रजेवर असताना निधन झाल्यास ती रजा त्या दिवसापासून दुखवट्याची धरली जाईल.”

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवस सलग घ्यायची सक्ती ठेवू नका. अंत्यविधीला दोन-तीन दिवस, मग दहावं, बारावं, तेरावं किंवा चाळिसावा, मग वर्षश्राद्ध. गरज अशी तुटक असते. “ही रजा सलग किंवा तुटक, निधनापासून 14 महिन्यांत घेता येईल.”

चौदा का? मीही आधी ‘एका वर्षात’ असंच लिहिलं होतं. आमच्या स्टोअरकीपर तात्यांनी बोट ठेवलं: वर्षश्राद्ध तिथीने असतं, आणि मध्ये अधिक महिना आला की तीच तिथी 384 दिवसांनी येते. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. 20 जानेवारी 2026 ला कुणी गेलं असेल तर ती तिथी पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येते. ‘एका वर्षात’ असं लिहिलं असतं तर त्याचा राखून ठेवलेला दिवस आधीच बुडाला असता.

प्रवासासाठी वेगळं वाक्य हवं. रत्नागिरीहून मुंबई रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गणपती-शिमग्यात कोकण रेल्वेचं तिकीट आयत्या वेळी मिळत नाही. “अंत्यविधीचे ठिकाण 200 किलोमीटरपेक्षा दूर असल्यास जाण्या-येण्यासाठी 2 दिवस अधिक.” हे तिन्ही गटांना.

आणि परवानगी हा शब्द कुठेही नको. दफन तीन-चार तासांत असेल तर सुपरवायझर सापडेपर्यंत ते उरकलेलं असतं. “कर्मचाऱ्याने फोनने, निरोपाने किंवा सहकाऱ्यामार्फत कळवणे पुरेसे आहे, अर्ज परत आल्यावर.”

कागद कधी मागायचा

शक्यतो कधीच नाही, आणि मागायचाच तर लगेच नाही. मृत्यूची नोंद करायला कायद्यानेच 21 दिवस दिलेले आहेत, त्यानंतर ग्रामपंचायतीचा दाखला हातात पडायला आणखी वेळ. कामावर परतताना दाखला आणा म्हणणं म्हणजे कर्ता पोरगा असेल तर त्याला तेराव्याआधी ग्रामपंचायतीत उभं करणं. आणि भाची, सून किंवा शेजारी यांच्या हाती तो दाखला येणार कुठून? आमच्याकडे कागद फक्त एकाच वेळी मागतात: सातापुढे आणखी पगारी दिवस हवे असतील तेव्हा. तोही दोन महिन्यांच्या आत.

गर्भ गेला तर

इथे बहुतेक मसुदे गप्प बसतात. गर्भपात झालेल्या स्त्रीला 6 आठवड्यांची पगारी रजा ही 1961च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेली आहे. तुम्ही दिली काय, न दिली काय, ती तिचा हक्कच आहे. दुखवट्याच्या नियमात ती कमी होईल असं काही लिहू नका. मूल मृत जन्मलं किंवा जन्मानंतर लगेच गेलं तर केंद्र सरकारने सप्टेंबर 2022 पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना 60 दिवसांची विशेष रजा दिली आहे. खासगी जागेला ती लागू नाही, पण मालकांसमोर ठेवायला चांगला दाखला आहे.

बापाला मात्र कायद्यात काहीच नाही. आम्ही लिहिलं: “मृत जन्मलेले मूल हे पहिल्या गटातील मूल समजले जाईल. गर्भपात झाल्यास पती किंवा जोडीदारास 3 दिवस. मस्टरवर व वहीत केवळ ‘विशेष रजा’ अशी नोंद होईल.” शेवटचं वाक्य विसरू नका. मस्टर टेबलावर उघडं असतं आणि चहाला येणारा प्रत्येक जण ते वाचतो.

माणूस सापडलंच नाही तर

किनाऱ्यावरच्या नियमात हे कलम नसेल तर तो नियम शहरातून आला आहे असं समजा. होडी उलटते, खलाशी सापडत नाही. पुरात, दरडीत माणसं जातात. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीचं शोधकार्य थांबलं तेव्हाही पन्नासहून अधिक माणसांचा पत्ता नव्हता. बेपत्ता माणूस मृत असल्याचं कायदा साधारणपणे 7 वर्षं काही ठावठिकाणा न लागल्यावर धरतो. ‘मृत्यू झाल्यास’ या शब्दांनी सुरू होणारा नियम त्या बायकोला सात वर्षं लागूच होत नाही, आणि तिला रजा हवी असते ती बंदरावर उभं राहायला, आजच.

“पहिल्या गटातील व्यक्ती समुद्रात, पुरात, दरडीत किंवा अन्य अपघातात बेपत्ता झाल्यास, त्या दिवसापासून 7 कामाचे दिवस शोधाची रजा मिळेल. पुढे मृतदेह मिळाल्यास, शासनाने मृत घोषित केल्यास, किंवा घरच्यांनी अंत्यविधी केल्यास दुखवट्याची रजा स्वतंत्रपणे व पूर्ण मिळेल.” माणूस सुखरूप परतला तर शोधाची रजा परत कापायची नाही. हेही लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी हुशार ते विचारेलच.

या रजेसाठी वेगळी वही किंवा निदान वेगळा रकाना करा. आमच्या अर्जावर ‘मयताचे नाव’ असा रकाना होता. समुद्राकडे डोळे लावून बसलेल्या बाईला त्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहायला सांगू नये. आता तिथे ‘ज्यांच्यासाठी रजा हवी त्यांचे नाव’ असं आहे, आणि ते सगळ्यांनाच चालतं.

त्या बाईचा हिशेब, आजच्या नियमाने

नियम चालतो की नाही ते बघायचं तर एखादी खरी गोष्ट त्यातून काढून बघावी. काकी मंगळवारी सकाळी गेली, बातमी दुपारी दोनला आली. मंगळवार पूर्ण हजेरी. ती जयगड-तवसाळ फेरीने पलीकडे गेली. अंतर 200 किलोमीटरच्या आत, म्हणून प्रवासाचे दिवस नाहीत. नात्याने काकी दुसऱ्या गटातली, पण “तिनेच मला वाढवलं” या एका वाक्यावर पहिल्या गटात आली. बुधवार ते शनिवार 4 दिवस. रविवार मोजला नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार ती कामावर. मंगळवारपासून मोजलं तर दहावं गुरुवारी, बारावं शनिवारी. हे दोन दिवस रजा, शुक्रवारी हजर. तेरावं रविवारी, सुट्टीतच. झाले 6. सातवा वर्षश्राद्धासाठी वहीत राखलेला. पगारात एक रुपया कमी नाही, आणि दोन आठवड्यांत सोलाईच्या टेबलावर ती चार दिवस कामाला होती. जुन्या नियमात तिचा दहा दिवस खाडा होता आणि ती एकही दिवस आली नव्हती. मालकांना पटलं ते या आकड्याने.

रोजंदारीवरचे आणि हंगामी लोक राहिले. आम्ही 60 दिवस काम झालेल्यांना तीच रजा शेवटच्या महिन्याच्या सरासरी रोजाने देतो, त्याहून नव्यांना पहिल्या गटासाठी 3 दिवस. ठेकेदाराच्या माणसांसाठी ही अट ठेकेदाराच्या करारातच घालावी लागते, नंतर तो ऐकत नाही.

लागू करण्याआधी मोठ्याने वाचा

टाइप केलेला मसुदा नोटीस बोर्डावर लावू नका, आधी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवा. आमच्याकडे वाचताना दोन प्रश्न आले. एका मुलाने विचारलं, सावत्र बाप आणि खरा बाप दोघांचेही सात सात का? हो, दोघांचेही. दुसरा प्रश्न लोडिंगवरच्या एका म्हाताऱ्याचा. आधी तो वीस वर्षं ट्रॉलरवर खलाशी होता. “माझा बोटीवरचा जोडीदार, एका ताटात जेवलो, तो कुठल्या गटात?” पुलाच्या कलमात तो बसत नव्हता. त्याने याला वाढवलं नव्हतं, दोघं एका घरात राहत नव्हते. पुलाचे शब्द ताणले असते तर ते सगळ्यांसाठीच सैल झाले असते. म्हणून पूल तसाच ठेवला आणि तिसऱ्या गटातल्या एका दिवसाचे दोन केले.